बर्नर धुतला तरी ज्योत पिवळीच: अडथळा बहुधा खालच्या नळीत असतो

प्रश्न: आमच्या काचेच्या तीन बर्नरच्या शेगडीचा उजवा बर्नर दोन महिन्यांपासून पिवळा जळतो. ज्योत एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला नावाला. भांड्यांची बुडं काळी होतात. बर्नर दोनदा सोड्याच्या पाण्यात धुतला, टाचणीनं भोकं मोकळी केली, तरी पिवळेपणा जात नाही. बाकीचे दोन बर्नर ठीक आहेत. दुरुस्तीवाले जेट बदला म्हणतात. घरी काही करता येईल का?

जेट लगेच बदलू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून दोष बर्नरच्या खाली, जेट आणि बर्नर यांना जोडणाऱ्या नळीत असावा असे मला वाटते, आणि ती नळी घरी साफ करता येते. मी गेली बावीस वर्षे सांगली-मिरज भागात गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. बर्नर धुऊनही फरक पडला नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या शेगड्यांपैकी बहुतेकींत अडथळा मला या नळीतच सापडला आहे.

पिवळी ज्योत आणि वाकडी ज्योत या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्या एकत्र आल्या की माणूस दोन्हींसाठी भोकेच टोकरत बसतो. ज्योत एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला खुरटी असेल, तर बर्नरची काही भोके बुजलेली असतात किंवा बर्नर बैठकीवर नीट बसलेला नसतो. ज्योत पिवळी असेल, तर गॅसला खालून पुरेशी हवा मिळत नसते. भोके बुजल्यामुळेही हवा कमी पडू शकते, म्हणून सुरुवात भोकांपासून करायची हे बरोबरच आहे. पण भोके मोकळी करूनही पिवळेपणा राहिला, तर हवेच्या वाटेने खाली उतरायला हवे.

ती वाट कशी असते हे एकदा समजले की पुढचे सगळे काम सोपे होते. घरगुती रेग्युलेटरमधून येणाऱ्या गॅसचा दाब फारच थोडा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 30 ग्रॅम इतकाच असतो. नॉब फिरवला की हा गॅस पितळी जेटच्या एका मिलिमीटरपेक्षाही लहान भोकातून बारीक धारेने, वेगाने बाहेर पडतो. समोरच नळीचे रुंद तोंड असते. त्या तोंडात शिरताना गॅसची धार आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेते, दोन्ही नळीत मिसळतात आणि मिश्रण वर बर्नरच्या भोकांतून बाहेर पडून जळते. एक भाग गॅस पूर्ण जळायला साधारण पंचवीस ते तीस भाग हवा लागते. तिच्यातली सुमारे निम्मी हवा अशी खालून नळीतून येते आणि उरलेली ज्योत स्वतःच्या भोवतालून घेते. खालची हवा कमी पडली की गॅसमधला कार्बन पूर्ण न जळता त्याचे सूक्ष्म कण तापून चमकू लागतात. तोच ज्योतीचा पिवळा रंग, आणि तेच कण भांड्याच्या थंड बुडाला चिकटले की त्यांची काजळी होते. अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइडही जास्त निघतो, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत तो बर्नर शक्यतो वापरू नका आणि वापरावाच लागला तर स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा.

आता जेटवर माझा संशय का नाही ते सांगतो. किती गॅस यायचा हे जेटचे भोक आणि गॅसचा दाब ठरवतात. नळी किती बुजली आहे याचा त्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. जेट बुजले तर गॅसच कमी येतो आणि ज्योत सगळीकडे बारीक होते. नळी बुजली तर गॅस पूर्वीइतकाच येतो, हवा मात्र घटते, म्हणून ज्योत लांब, सैल आणि पिवळी होते. तुमची ज्योत एका बाजूला उंच आहे, याचा अर्थ गॅस भरपूर येतो आहे. याला एकच अपवाद आहे. पूर्वी कोणी त्या जेटमध्ये सुई किंवा रॉकेलच्या स्टोव्हची पिन घालून ते कोरले असेल, तर भोक मोठे होऊन गॅसच जास्त येतो आणि कितीही हवा दिली तरी पुरत नाही. तसे झाले असेल, तर जेट बदला हा सल्ला योग्यच आहे. म्हणून घरात एकदा विचारून घ्या.

कोणतेही हत्यार हातात घेण्यापूर्वी एक परीक्षा करा. तीन बर्नरच्या शेगडीत दोन बर्नर बहुधा सारख्या मापाचे असतात. शेगडी पूर्ण थंड असताना उजवा बर्नर, म्हणजे वर उचलून निघणारा पितळी भाग, काढून त्याच्याच मापाच्या चांगल्या बर्नरच्या जागी ठेवा आणि तो चांगला बर्नर उजवीकडे बसवा. दोन्ही सहज आणि सपाट बसले पाहिजेत. माप वेगळे असेल तर जबरदस्तीने बसवू नका, ही परीक्षाच सोडून द्या. आता दोन्ही पेटवा. पिवळेपणा पितळी भागाबरोबर दुसऱ्या जागी गेला, तर दोष त्या भागात आहे. पिवळेपणा उजवीकडेच राहिला, तर दोष खाली आहे आणि बर्नर आणखी दहा वेळा धुऊनही काही होणार नाही. पिवळेपणा उजवीकडे राहिला पण वाकडेपणा दुसऱ्या जागी गेला, असेही होऊ शकते, आणि मग दोन्हीकडे काम करावे लागते. तुमच्याकडे असेच होईल असा माझा अंदाज आहे.

पितळी भागापासून सुरुवात करू, कारण तो तुम्ही दोनदा धुतला असला तरी त्यात एक गोष्ट हमखास राहून जाते. टाचणी बाहेरून आत घातली की भोकातली खरपुडी आतल्या पोकळीत पडते आणि तिथेच राहते. बर्नर पेटला की गॅसच्या झोताबरोबर ती पुन्हा भोकांच्या तोंडाशी येऊन बसते, आणि तीही बहुधा एकाच बाजूला. बर्नर कडकडीत गरम पाण्यात दोन चमचे कपडे धुण्याची पावडर घालून अर्धा तास बुडवून ठेवा, म्हणजे जळलेले दूध आणि तेल मऊ पडते. मग प्रत्येक भोकातून टाचणी किंवा खराट्याचा बारीक हीर एकदाच सरळ आत-बाहेर करा. टाचणी गोल गोल फिरवू नका. त्याने भोक रुंद होते, आणि रुंद भोकातून ज्योत मंद आचेवर आत शिरते. हीर वापरलात तर त्याचे टोक आत मोडून राहिले नाही ना ते पाहा. त्यानंतर बर्नर पालथा करून लाकडी पाटावर दहा-बारा वेळा हलकेच आपटा आणि नळाचे पाणी खालच्या तोंडातून जोरात सोडा, म्हणजे आतला मळ भोकांवाटे बाहेर पडेल.

शेवटी बर्नरच्या पोकळीत मोबाइलची टॉर्च धरून दिवा मालवलेल्या खोलीत त्याच्याकडे पाहा. मोकळे भोक उजेडाच्या स्वच्छ गोल ठिपक्यासारखे दिसते, अर्धे बुजलेले भोक चंद्रकोरीसारखे दिसते आणि पूर्ण बुजलेले दिसतच नाही. एका ओळीत सगळे ठिपके सारखे दिसेपर्यंत हे काम संपत नाही.

पितळेवरचा काळेपणा काढायला चिंच किंवा लिंबू चालते. पाच-दहा मिनिटे चोळून धुऊन टाका. रात्रभर आंबट पाण्यात ठेवण्याची गरज नाही. बर्नरचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा असेल, तर त्याला सोडा आणि आंबट या दोन्हींपासून दूर ठेवा. तो काळा पडतो आणि त्याला बारीक खड्डे पडतात. त्याला साबणाचे कोमट पाणी आणि ब्रश पुरतो.

सोड्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे बरीच माणसे फसतात. खाण्याच्या सोड्यात आणि धुण्याच्या सोड्यात सोडियम असते, आणि सोडियम ज्वालेत आले की ती नारिंगी-पिवळी दिसते. सोड्याने धुतलेला बर्नर नीट खळबळला नाही, तर पेटवल्यावर काही मिनिटे ज्योत नारिंगी दिसते आणि माणसाला वाटते की मेहनत फुकट गेली. मिठाचे पाणी उतू गेल्यावर दिसतो तोच हा रंग. तो झपाट्याने कमी होतो, त्यात ठिणग्यांसारखे ठिपके असतात आणि भांडे काळे होत नाही. हवा कमी पडल्याची पिवळी ज्योत मात्र टोकाशी संथ हलते, पाच मिनिटांनीही तशीच राहते आणि काजळी धरते. तुमची भांडी काळी होत आहेत, म्हणजे तुमचा पिवळेपणा सोड्याचा नाही.

धुतलेला बर्नर पूर्ण वाळू द्या. आत पाणी राहिले तर ज्योत फुरफुरते, मध्येच विझते. उन्हात दोन तास किंवा कोमट तव्यावर पालथा अर्धा तास पुरे होतो.

आता नळी. आधी गॅस बंद करण्याची पद्धत पाहा. एक बर्नर पेटता ठेवून रेग्युलेटरचा खटका बंद करा आणि ज्योत आपोआप विझू द्या, म्हणजे रबरी नळीतला गॅस जळून जातो. मग सगळे नॉब बंद करा, रेग्युलेटर सिलिंडरवरून काढा आणि सिलिंडरच्या तोंडावर त्याचे प्लास्टिकचे झाकण लावा. शेगडी गार होऊ द्या. भांडी ठेवायच्या जाळ्या आणि तीनही बर्नर काढून ठेवा. जमिनीवर दुहेरी घडीची गोधडी अंथरून शेगडी तिच्यावर हलकेच पालथी करा. काचेवर कडेने भार येऊ देऊ नका. ही काच मधल्या भारापेक्षा कडेच्या ठोक्याने लवकर फुटते. तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल आणि शेगडी जोडणीतून सोडवता येत नसेल, तर पालथी करण्याच्या फंदात पडू नका. वरून जेवढे साफ होईल तेवढेच करा.

पालथ्या शेगडीत तुम्हाला समोरच्या बाजूला नॉबच्या मागे पितळी कॉक आणि त्याच्या टोकाला जेट दिसेल. जेटसमोर बिडाची किंवा ॲल्युमिनियमची जाड नळी बर्नरकडे वळून गेलेली असते. तिच्या तोंडाशी, जेटच्या आजूबाजूला, मोकळी फट किंवा खिडकी असते. हवा इथूनच आत जाते. या तोंडावर फोडणीच्या तेलकट वाफा बसतात, त्यांच्यावर पीठ आणि धूळ चिकटते आणि पाहता पाहता लोकरीसारखा करडा थर तयार होतो. तो थर टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने काढा. हे करताना जेटच्या टोकावर कागदाचा बोळा टेकवून ठेवा, म्हणजे मळ किंवा पाणी त्याच्या भोकात जाणार नाही, आणि काम झाल्यावर तो बोळा काढायला विसरू नका.

मग टॉर्च नळीच्या बर्नरकडच्या तोंडाशी धरा आणि जेटकडच्या तोंडातून पाहा. नळी वळलेली असल्यामुळे दिवा थेट दिसत नाही, पण मोकळ्या नळीच्या आतल्या भिंतीवर उजेड पसरलेला दिसतो. काळोखच दिसला, तर आत काहीतरी आहे. बाळाच्या दुधाच्या बाटलीचा लांब बारीक ब्रश यासाठी फार उपयोगी पडतो. तो नसेल तर लवचीक तारेच्या टोकाला फडक्याची पट्टी घट्ट बांधून घ्या. दोन्ही तोंडांकडून ब्रश फिरवा, कारण वळणाच्या पलीकडचा मळ एका बाजूने निघत नाही. उतू गेलेले दूध बर्नरच्या बैठकीतून नळीत उतरते आणि वळणावर साचून जळते. त्याची खरपुडी घट्ट असेल, तर साबणाच्या गरम पाण्याने भिजवलेले फडके नळीत तासभर ठेवून मग घासा. शेगडी बंद असलेल्या घरांत त्या जागी कोळ्याचे जाळे किंवा झुरळ सापडते. नळी साफ झाली की बर्नरकडचे तोंड खाली करून शेगडी थोपटा आणि नळी वाळू द्या.

नळी एक-दोन स्क्रूंनी बसवलेली असेल, तर ती काढून साफ करणे अधिक सोपे असते. काढण्यापूर्वी तिची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा, किंवा मोबाइलवर फोटो काढा. जेटची धार नळीच्या बरोबर मध्यभागी जायला हवी. नळी जरा जरी तिरकी बसली, तर धार एका भिंतीवर आपटते, हवा ओढली जात नाही, आणि सगळे स्वच्छ असूनही ज्योत पिवळी आणि एका बाजूला झुकलेली राहते. सैल झालेल्या एका स्क्रूमुळे नळी लोंबून हाच दोष आलेला मी कितीतरी शेगड्यांत पाहिला आहे, त्यामुळे काही काढायच्या आधी तो स्क्रू घट्ट आहे का, हे हाताने हलवून पाहा. नळी रिव्हेट मारून बसवलेली असेल, तर ती काढू नका.

गेल्या वर्षी जूनमध्ये मिरजेतल्या एका घरातून अशीच शेगडी आली. घरातली मंडळी उन्हाळ्यात दीड महिना गावी होती. परत आल्यावर उजव्या बर्नरची ज्योत पिवळी दिसू लागली. त्यांनी बर्नर धुतला, मग नवा आणला, मग दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडून जेट बदलून घेतले, आणि या सगळ्यात ज्योत सुधारण्याऐवजी अधिकच उंच झाली. मी आधी दोन बर्नर आपसात बदलून पाहिले. पिवळेपणा जागचा हलला नाही. शेगडी पालथी करून पाहिले तर नळीच्या वळणावर पांढऱ्या धाग्यांचा, लहान बोराएवढा गोळा होता आणि त्याच्यावर जळलेल्या दुधाचा तपकिरी थर चढला होता. कोळ्याने दीड महिन्यात तिथे घर केले होते आणि त्याच्यावर दूध सांडले होते. ब्रशने गोळा निघाला, नळी साफ झाली आणि बर्नर पेटवला, तेव्हा ज्योत पूर्वीपेक्षा बरी झाली, पण टोके अजून पिवळी होती.

तिथे मी थोडा थांबलो. नळी स्वच्छ, तोंड स्वच्छ, बर्नर नवा, मग राहिले ते जेट. ते काढून मधल्या मोठ्या बर्नरच्या जेटशेजारी ठेवले, तर दोन्हींवरचा कोरलेला आकडा एकच निघाला. म्हणजे लहान बर्नरला मोठ्या बर्नरचे जेट बसवले होते. काढलेले जुने जेट त्या घरातल्या बाईंनी खिळ्यांच्या डबीत जपून ठेवले होते. ते स्वच्छ करून परत बसवल्यावर ज्योत निळी झाली. जेटच्या भोकातला फरक डोळ्याला दिसतही नाही, पण त्याचा हिशेब मोठा असतो. भोकाचा व्यास 0.7 मिलिमीटरवरून 0.8 मिलिमीटर झाला, तर भोकाचे क्षेत्रफळ सुमारे 30 टक्क्यांनी वाढते आणि गॅसही जवळपास तेवढाच जास्त येतो. नळी आणि बर्नर मात्र जुन्या गॅसला पुरेल एवढीच हवा ओढू शकतात. म्हणूनच पिन घालून कोरलेले जेट आणि चुकीच्या मापाचे जेट यांचा परिणाम सारखाच होतो, आणि म्हणूनच तुम्ही जेट बदलायला तयार झालात तर जुने जेट परत मागून घ्या आणि नव्यावरचा आकडा जुन्याशी ताडून पाहा.

जेट घरी काढण्याचा सल्ला मी देत नाही. त्याच्या आट्यांतून गॅस झिरपला तर तो शेगडीच्या पोटात साचतो, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वर निघून न जाता खाली ओट्याकडे आणि जमिनीकडे उतरतो. दुरुस्तीवाल्याने जेट काढले, तर त्याला ते मागच्या बाजूने फुंकून किंवा सायकलच्या पंपाने हवा मारून साफ करायला सांगा. मळ घट्ट असेल तर साबणाच्या गरम पाण्यात भिजवून विजेच्या लवचीक वायरमधला तांब्याचा एकच केसासारखा धागा त्यातून ओढता येतो, कारण तांबे पितळेला कोरत नाही. पोलादी सुई त्याने हातात घेतली, तर त्याला तिथेच थांबवा.

शेगडी परत जागेवर ठेवल्यावर बर्नर बैठकीत फिरवून बसवा. तो डुगडुगता कामा नये. रेग्युलेटर लावा, नॉब सगळे बंद ठेवा, आणि रबरी नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहा. काडी ओढून गळती तपासू नका. रबरी नळीवर छापलेली तारीख पाच वर्षांपूर्वीची असेल, तर याच वेळी ती बदलून घ्या.

आता दिवा मालवून बर्नर पूर्ण आचेवर पेटवा. पहिली तीन-चार मिनिटे धुळीमुळे नारिंगी ठिपके दिसतील, तिकडे लक्ष देऊ नका. त्यानंतर प्रत्येक भोकावर एक छोटा, टोकदार, उजळ निळा सुळका दिसला पाहिजे आणि त्याच्याभोवती फिकट निळसर वलय. सगळे सुळके एका उंचीचे असले पाहिजेत. ज्योतीचा आवाज हलका आणि एकसारखा असतो. मग आच मंद करा; ज्योत सगळ्या भोकांवर टिकली पाहिजे. मंद आचेवर "फट्" असा आवाज होऊन ज्योत आत गेली आणि खालून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर नॉब लगेच बंद करा: गॅस जेटशीच जळतो आहे. अशा वेळी बर्नर नीट बसलेला नसतो किंवा त्याची भोके रुंद झालेली असतात, आणि भोके रुंद झालेला बर्नर बदलण्याला पर्याय नाही. याच्या उलट, ज्योत भोकांपासून सुटून वर तरंगत असेल आणि फुसफुसत असेल, तर हवा जास्त होते आहे. काही शेगड्यांत नळीच्या तोंडाशी हवा कमी-जास्त करण्याची पत्र्याची फिरती पट्टी असते. तिचा स्क्रू सैल करून पिवळी टोके जाईपर्यंत ती उघडायची आणि ज्योत तरंगायच्या आधी थांबायचे. बऱ्याच घरगुती शेगड्यांत ती नसते, तेव्हा शोधत बसू नका.

डोळ्यांवर विश्वास बसत नसेल, तर बूड घासून लख्ख केलेल्या स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाणी घालून ते दोन मिनिटे पूर्ण आचेवर ठेवा. ते खाली उतरवून निवू द्या आणि बुडावरून पांढरे फडके फिरवा. फडके स्वच्छ राहिले, तर काम झाले.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. पुढे कधी तुमचे तीनही बर्नर एकाच दिवशी पिवळे झाले, तर नळ्या उघडू नका. सिलिंडर संपत आला की त्यातला हलका प्रोपेन आधी निघून गेलेला असतो आणि मागे राहिलेल्या जड गॅसला जास्त हवा लागते, म्हणून शेवटच्या दिवसांत ज्योत पिवळसर होते आणि नवा सिलिंडर लावला की आपोआप सुधारते. पाइपच्या गॅससाठी जेट बदललेली शेगडी पुन्हा सिलिंडरला जोडली, तरीही सगळे बर्नर उंच आणि पिवळे जळतात, कारण पाइपच्या गॅसची जेट मोठ्या भोकाची असतात. तिथे जेट बदलावीच लागतात. आणि काम करताना किंवा नंतर गॅसचा वास आला, नळीच्या तोंडाशी शेगडीच्या खाली ज्योत दिसली किंवा नॉब बंद करूनही बर्नर पूर्ण विझला नाही, तर रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा, विजेची बटणे दाबू नका आणि घराबाहेर येऊन एलपीजी गळतीसाठी असलेल्या 1906 या क्रमांकावर फोन करा.

तुमच्या बाबतीत मी आधी बर्नरची अदलाबदल करेन, मग टॉर्च घेऊन नळी पाहीन. अदलाबदलीत पिवळेपणा कुठे राहिला, वाकडेपणा कुठे गेला आणि नळीतून काय निघाले, हे कळवलेत, तर पुढे जेटकडे वळायचे की नाही ते मला नेमके सांगता येईल.